एनसीचा कागद, सासूबाईंचं घर आणि रविवारची बैठक

*ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. नवरा फौंड्रीत कामाला आहे, मी राजारामपुरीत एका शिलाईच्या दुकानात जाते. दोन महिन्यांपूर्वी त्याने पट्ट्याने मारलं तेव्हा पोलिसांत गेले होते. त्यांनी एनसी लिहून घेतली, त्याला समज दिली आणि सोडून दिलं. गेल्या रविवारी रात्री त्याने माझा गळा दाबला, डोळ्यांपुढं अंधारी आली. दवाखान्यात मी पाय घसरला असं सांगितलं. घर सासूबाईंच्या नावावर आहे. दीर म्हणतो, उंबऱ्याबाहेर पाय टाकलास की तुझा हक्क संपला. येत्या रविवारी भावकीची बैठक आहे, स्टँपवर लिहून देतो म्हणतात. माहेर गडहिंग्लजला आहे. मी काय करू?*

*– एक वाचक, कोल्हापूर*

ताई,

घर, हक्क, बैठक हे सगळं नंतर. आधी गळ्याचं बघा, आणि आजच बघा.

गळा दाबल्यावर बाहेरून वळ दिसतोच असं नाही. कित्येकींच्या मानेवर काहीच उमटत नाही आणि आतल्या रक्तवाहिनीच्या अस्तराला मात्र चीर पडलेली असते. तिथं गुठळी धरली तर काही दिवसांनीही मेंदूचा झटका येऊ शकतो. आवाज घोगरा झालाय का, आवंढा गिळताना दुखतंय का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल ठिपके आलेत का, मानेच्या एकाच बाजूला कळ येतीय का, चक्कर येते का, बोलताना शब्द अडखळतो का? यातलं काहीही असेल तर उद्यावर टाकू नका. काहीच नसेल तरी जाऊन दाखवा.

सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. केसपेपर काढताना आणि डॉक्टरांसमोर एकच गोष्ट स्पष्ट सांगा: ‘नवऱ्याने गळा दाबला, डोळ्यांपुढं अंधारी आली, ही एमएलसी म्हणून नोंदवा.’ एमएलसी म्हणजे मारहाणीच्या जखमेची डॉक्टरांनी केलेली अधिकृत नोंद. तिची खबर पोलिसांना जाते आणि पुढं कोर्टात तीच सगळ्यात भक्कम ठरते. त्या क्षणी शुद्ध हरपली का, किती वेळ, नकळत लघवी झाली का, हे विचारलं नाही तरी सांगा. लाज वाटते, माहीत आहे मला. पण गळा किती जोरात आणि किती वेळ दाबला गेला, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळतं. पोलिसांची चिठ्ठी किंवा कुठला अहवाल आधी आणा, असं म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. घरगुती हिंसाचार कायद्याच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे.

आधीच्या दवाखान्यात ‘पाय घसरला’ सांगितलंत, म्हणून काही बिघडलं नाही. तो कागद फाडू मात्र नका. नव्या डॉक्टरांना आणि पोलिसांना सांगा, ‘तेव्हा भीतीने खोटं सांगितलं.’ पहिल्या वेळी खोटं सांगणं हे या प्रकरणांत इतकं नेहमीचं आहे की न्यायाधीशांना त्याचं नवल वाटत नाही. नवल तेव्हा वाटतं, जेव्हा बाई तो कागद लपवते आणि समोरचा वकील तो बाहेर काढतो.

गळ्यावर मी इतकं का अडून बसले, तेही सांगते. पट्ट्याचा मार आणि गळ्यावरचे हात यांत मोठा फरक आहे. ज्या घरात एकदा गळा दाबला गेलाय, तिथं पुढं बाईचा जीव जाण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, असं अभ्यासांत दिसून आलंय. म्हणून यापुढं मी जे सांगणार आहे त्यात ‘बघू, सुधारेल’ याला जागा ठेवलेली नाही.

आता दिराचं बोलणं. ते साफ चूक आहे, पण त्यापायी बायका वर्षानुवर्षं मार खात घरात बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ प्रमाणे विवाहित बाईला सासरच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरात तिचा मालकी हक्क असो वा नसो. घर सासऱ्यांच्या किंवा सासूच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पुढं २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने असंही सांगितलं की बाई आज त्या घरात राहत नसली, तरी एवढ्यावरून तिचा तिथं राहण्याचा हक्क जात नाही. म्हणजे जीव वाचवायला तुम्ही उद्या गडहिंग्लजला गेलात तर हक्क उंबऱ्यातच सांडला, असं होत नाही. उलट कलम २७ प्रमाणे तुम्ही जिथं तात्पुरत्या राहायला जाल तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, त्यामुळं गडहिंग्लजच्या कोर्टातही तो चालेल.

एक खरं ते सांगते. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. सासूबाईंचं घर तुमच्या नावावर होणार नाही. आणि त्याच कायद्यात अशीही अट आहे की घराबाहेर काढण्याचा आदेश बाईविरुद्ध देता येत नाही. म्हणजे कोर्ट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं, सासूबाईंना नाही. तुमच्या सासूबाई कोणाच्या बाजूच्या आहेत, ते तुम्ही लिहिलं नाही. त्याच नवऱ्याला मागच्या दारानं आत घेणाऱ्या असतील, तर घरात राहण्याचा आदेश मिळवण्यापेक्षा कलम १९ खाली वेगळ्या खोलीचं भाडं नवऱ्याकडून मागणं शहाणपणाचं. मी तुमच्या जागी असते तर भाडं मागितलं असतं.

बाहेर पडायची तयारी भांडणाच्या दिवशी होत नाही, आधी करावी लागते. आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, रेशन कार्ड, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, पासबुक, एनसीची प्रत, दवाखान्याचे कागद या सगळ्यांचे फोटो काढून बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसून टाका. मूळ कागद, दोन जोड कपडे, थोडे पैसे आणि किल्लीची दुसरी प्रत घरात ठेवू नका. दुकानात शिलाईच्या कापडांच्या गठ्ठ्यात एक पिशवी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. दागिन्यांची यादी करा. जे तुमच्या अंगावरचं आहे तेवढंच सोबत न्या, बाकीचं स्त्रीधन कोर्टामार्फत परत मागता येतं, त्याच्यासाठी कपाटाशी झटापट नको.

शेजारच्या एका बाईशी खूण ठरवून ठेवा. माझ्या ओळखीच्या एकीने ‘वहिनी, खलबत्ता देता का?’ हे वाक्य ठरवलं होतं. मिक्सर असलेल्या घरात खलबत्ता कोण मागतो? वहिनीने ते ऐकलं की ११२ लावायचा, आत यायचं नाही. सात वर्षांच्या मुलीला फक्त एवढं शिकवा की आवाज चढला की भावाचा हात धरून शेजारी जायचं. मध्ये पडायचं नाही, पप्पांना धरायचं नाही. तुम्ही स्वतः भांडण पेटलं की स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये थांबू नका. एकीकडे विळी-सुरी असते, दुसरीकडे दार बंद झालं की सुटका नसते. बाहेरच्या दाराच्या बाजूला सरका.

फोनचंही सांगते, कारण इथं फार जणी अडकतात. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून बघा, तिथं तुमचा नसलेला संगणक किंवा फोन दिसला तर तुमचं सगळं तो वाचतोय. पण लगेच काढून टाकू नका, त्याला कळेल. तोवर महत्त्वाचं बोलणं दुकानातल्या मैत्रिणीच्या फोनवरून करा, आणि घराबाहेर सुरक्षित पडल्यावर तो जोड तोडा. मारहाणीचे फोटो, शिवीगाळीचं रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये आहे तो मूळ फोन विकू नका, रिसेट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

जाताना मुलं सोबत न्या. मुलं मागं राहिली की पुढचे सहा महिने त्यांच्यासाठीच भांडण्यात जातात. गडहिंग्लजला जाणं त्या दिवशी जमलं नाही, तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करून सखी वन स्टॉप सेंटरमध्ये जायचं आहे असं सांगा. तिथं साधारण पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय होते. मुलगा सोबत आहे हे फोनवरच सांगा, कारण मुलग्यांच्या वयाला मर्यादा असते. तुमचा चारचा आहे, त्यात बसतो.

आता एनसी. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत, म्हणून ‘समज देऊन सोडलं’ यापलीकडं काही झालं नाही. साध्या दुखापतीचं कलम, भारतीय न्याय संहितेचं ११५(२), अदखलपात्र आहे. पण नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचं कलम ८५, म्हणजे पूर्वीचं ४९८अ, दखलपात्र आहे, आणि पीडित बाईने स्वतः ठाण्यात माहिती दिली की एफआयआर घ्यायची असते. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांना नवी कलमं लागतात. मग पोलिसांनी एनसी का घेतली? बहुतेक वेळा बाई काउंटरवर जे बोलते त्यात एकाच रात्रीचं भांडण येतं. ‘काल नवऱ्याने मारलं’ एवढंच ऐकलं की हवालदाराच्या डोळ्यांसमोर ११५ येतं. क्रूरता दाखवायला सहसा मालिका दिसावी लागते, आणि जिवाला किंवा शरीराला धोका होता हे दिसावं लागतं.

म्हणून तक्रार तोंडी सांगू नका, घरून लिहून न्या. ‘नवरा नेहमी दारू पिऊन मारहाण व छळ करतो’ हे वाक्य मी शेकडो अर्जांत वाचलंय, आणि त्याने काही सिद्ध होत नाही. असं लिहा:

‘दि. अमुक, रविवार, रात्री साडेनऊच्या सुमारास मी स्वयंपाकघरात भाकरी करत असताना पती आले. पगाराचे पैसे का दिले नाहीस म्हणून त्यांनी मला भिंतीला दाबून दोन्ही हातांनी गळा आवळला. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मुलगी ओरडली तेव्हा त्यांनी सोडलं. त्यानंतर दोन दिवस मला गिळताना दुखत होतं. या आधी दि. अमुक रोजी त्यांनी पट्ट्याने पाठीवर मारलं होतं, त्याची एनसी क्र. अमुक सोबत जोडली आहे.’

भाकरी आणि भिंत मी उदाहरणादाखल लिहिली आहे, तिथं तुमच्याकडे जे खरोखर घडलं तेच लिहा. हा परिच्छेद वाचला की अधिकाऱ्याला कलम ८५ दिसतंच, आणि गळा आवळण्याने ते त्याच्याही पुढं जाऊ शकतं. पण कोणतं कलम लावायचं हे तुम्ही सांगू नका, घडलेलं सांगा. जुन्या घटनाही तारीख आठवत नसेल तर ‘गणपतीच्या आदल्या दिवशी’, ‘मुलाचं जावळ झालं त्या आठवड्यात’ अशा खुणेनं लिहा. तुमची जुनी एनसी वाया गेली असं समजू नका. दोन महिन्यांपूर्वीपासून हे चाललंय, याचा सरकारी पुरावा तुमच्या हातात आहे.

घटना ज्या ठाण्याच्या हद्दीत झाली तिथंच गेलं पाहिजे असंही नाही. गडहिंग्लजच्या ठाण्यातसुद्धा ते शून्य क्रमांकाने एफआयआर घेऊन तुमच्या ठाण्याकडे पाठवू शकतात. एफआयआरची प्रत तिथंच, मोफत मिळाली पाहिजे. कधी अधिकारी म्हणतील, ‘आधी चौकशी करतो.’ तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, आणि कलम ८५ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून ते यात बसू शकतं. तसं झालं तर अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या आणि १४ दिवस वाट बघत बसू नका, कारण घरगुती हिंसाचार कायद्याचा अर्ज वेगळा, थेट कोर्टात जातो. एफआयआर घ्यायलाच नकार दिला, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी, स्पीड पोस्टाने पाठवायची. त्यानेही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

आता जी गोष्ट कुणी सांगत नाही ती. एफआयआर झाली म्हणजे नवरा आत गेला, असं नसतं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस सहसा आधी हजर राहण्याची नोटीस देतात. म्हणजे दुपारी तुम्ही तक्रार द्याल, संध्याकाळी त्याला ठाण्यात बोलावणं येईल, आणि रात्री तो घरी परत येईल, हातात नोटीस घेऊन. ती रात्र सगळ्यात धोक्याची. तुम्ही त्या रात्री त्या घरात नसायला हवं. त्यामुळं क्रम असा ठेवा: आधी मुलांना आणि स्वतःला हलवा, मग तक्रार द्या. उलट करू नका. हलतानाही ‘माहेरी लग्नाची बोलणी आहेत’ किंवा ‘आईचं दुखणं आहे’ असं साधं काहीतरी सांगून निघा. सोडून चालले असं सांगून निघू नका.

झालेल्या मारहाणीची दखल एफआयआर घेते, उद्याचं अडवायला घरगुती हिंसाचार कायद्याचा अर्ज लागतो. दोन्ही सोबत चालतात, एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. हा अर्ज कलम १२ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बाईला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पगाराचा दाखला मागितला, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ महिलांना तशी अट घालत नाही, असं सांगा. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारीही हा अर्ज तयार करून देतात आणि घरगुती घटना अहवाल लिहितात. मात्र त्यांच्या टेबलावर कामाचा ढीग असतो. तो अहवाल नसला तरी कोर्ट आदेश देऊ शकतं, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच सांगितलंय. अहवालासाठी तीन आठवडे थांबू नका.

अर्जात काय मागायचं, इथं मी जरा थांबते, कारण माझाच एक धडा आहे. काही वर्षांपूर्वी एका बाईचा अर्ज मी केला. नवऱ्याने घरात येऊ नये, भाडं द्यावं, मुलांचा ताबा आईकडे राहावा, हे सगळं मागितलं आणि मिळालंही. आठव्या दिवशी तो तिच्या कामाच्या जागेसमोर मोटारसायकल लावून उभा. तिने ११२ ला फोन केला. आलेल्या पोलिसाने आदेश वाचला आणि म्हणाला, ‘यात घर लिहिलंय, दुकान नाही.’ तो चुकला नव्हता. चूक माझी होती.

तेव्हापासून मी कलम १८ चा परिच्छेद स्वतः लिहिते. त्यात मागा: पतीने कोणतीही मारहाण, धमकी करू नये; अर्जदार राहते तो पत्ता, राजारामपुरीतलं दुकान नावपत्त्यानिशी, मुलांची शाळा नावानिशी, आणि गडहिंग्लजचं माहेर, या चारही ठिकाणी व त्यांच्या आसपास येऊ नये; फोन, मेसेज, ओळखीच्या माणसांमार्फत संपर्क करू नये. ज्या जागेचं नाव आदेशात नाही ती जागा पोलिसाला दिसत नाही. आणखी एक. आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. पण हे कलम १८ च्या संरक्षण आदेशाला लागतं. नुसता भाड्याचा किंवा पोटगीचा आदेश मोडला तर पोलीस पकडून नेणार नाहीत, त्याची वसुली वेगळ्या वाटेने होते आणि ती संथ असते. म्हणून अर्जात कलम १८ ची मागणी सुटता कामा नये, वकील मोफतचे असोत की फीचे, एवढं त्यांना आवर्जून विचारा.

याच अर्जासोबत कलम २३ खाली अंतरिम आदेश मागा आणि प्रतिज्ञापत्र जोडा. धोका दिसत असेल तर कोर्ट समोरच्याला न ऐकताही तात्पुरता आदेश देऊ शकतं. इथंच सीपीआरचा कागद कामाला येतो. एमएलसी आणि जुनी एनसी एकत्र पाहिली की ‘धोका आहे’ हे कोर्टाला शब्दांत पटवावं लागत नाही. पोटगी मागितली तर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तुमचा दुकानातला पगार लपवू नका, तो उघडकीस आला की बाकीचं खरंही खोटं वाटतं. कायद्यात पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत असं लिहिलंय. प्रत्यक्षात ६० दिवस क्वचितच पाळले जातात, म्हणून सगळा जोर अंतरिम आदेशावर ठेवा. खालच्या आदेशाविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करता येतं, आणि ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही कोल्हापुरात आल्यामुळं त्यापुढं मुंबईची वारी उरलेली नाही.

आदेश मिळाला की त्याची प्रत कोर्टाकडून मोफत मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. तरी तुम्ही स्वतः एक प्रत ठाण्यात नेऊन द्या, पोच घ्या, आणि एक फोटो कायम फोनमध्ये ठेवा. दुकानाच्या मालकांना आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना एक-एक झेरॉक्स द्या. पोरांना शाळेतून न्यायला कोण येऊ शकतं, हे शाळेत लेखी द्या. आदेश मोडला तर पहिल्याच वेळी तक्रार करा. ‘नुसता उभा होता, काही बोलला नाही’ म्हणून सोडलंत तर पुढच्या वेळी तो दोन पावलं पुढं येतो. उल्लंघनाच्या खटल्यात बाईच्या एकटीच्या साक्षीवरही कोर्ट दोष ठरवू शकतं, असं कलम ३२ म्हणतं. साक्षीदार नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

राहिली रविवारची बैठक. तोवर तुम्ही घराबाहेर पडला असाल, अशी माझी अपेक्षा आहे, आणि मग बैठकीला जायलाच हवं असं नाही. गेलात तर एकट्या जाऊ नका, माहेरचं माणूस सोबत असू दे, आणि तिथून परत सासरच्या घरी राहायला जाऊ नका. भावकीला मान द्या, चहा घ्या. ‘यापुढं मारहाण करणार नाही’ असं नवरा स्टँपवर लिहून देत असेल तर देऊ द्या आणि मूळ कागद तुमच्याकडे मागा. आतापर्यंत मारहाण केली, याची ती त्याच्याच सहीची कबुली होते, आणि कबुली म्हणून ती कोर्टात दाखवता येते. मारहाण थांबवायची ताकद मात्र त्या कागदात नाही, स्टँप कितीचाही असो.

त्याच कागदाच्या खालच्या ओळी आधी वाचा. तिथं हमखास लिहिलेलं असतं: ‘माझी पतीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही, एनसी मी गैरसमजातून दिली होती.’ त्याखाली तुमच्या नावापुढं फुली मारलेली असते. तिथं सही करू नका. ‘वकिलांना दाखवून सांगते’ एवढंच म्हणा आणि पेन खाली ठेवा.